रजेचा अर्ज मराठीत लिहिताना

आज आपण एका साध्या कागदाबद्दल बोलू या. तो कागद म्हणजे रजेचा अर्ज. शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत, कापडाच्या दुकानात, नाही तर देवळीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकीला वर्षातून चार-दोन वेळा तो लिहावा लागतोच. बोलताना आपण सरळ म्हणतो, “सर, बाबांचं ऑपरेशन आहे, तीन दिवस सुट्टी पाहिजे.” पण तेच कागदावर उतरवायची वेळ आली की आपण इंग्रजी अर्जाचा नमुना समोर घेतो आणि त्यातला एकेक शब्द मराठीत बसवायला लागतो. मग असा काही अर्ज तयार होतो. ऐका.

“आदरणीय सर, योग्य आदरासह मी आपणास हे सांगू इच्छिते की माझे वडील डोळ्याच्या ऑपरेशनमधून जात असल्याच्या कारणामुळे मी 12 पासून 15 पर्यंत कामाला उपस्थित राहण्यास असमर्थ आहे. कृपया मला तीन दिवसांची अनौपचारिक रजा अनुदान करा. माझ्या अनुपस्थितीत माझी सहकारी माझ्या कामाची काळजी घेईल. मी 15 ला पुन्हा सामील होईन. या दयाळूपणासाठी मी अत्यंत उपकृत राहीन.”

हा अर्ज मी नमुन्यासाठी रचला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल. वाचून हसू येतं, तरी प्रश्न हसण्यापुरता नाही. या अर्जावरून किती दिवसांची रजा मांडायची, तीन की चार? आणि रजेच्या कोणत्या खात्यातून? रजेचा हिशेब ठेवणाऱ्या बाबूला दोन्ही गोष्टी कळत नाहीत. त्यानं चार दिवस मांडले आणि या ताईच्या खात्यात तीनच दिवस शिल्लक असले, तर चौथा दिवस बिनपगारी होतो. महिन्याला बारा हजार पगार असेल, तर तीस दिवसांच्या हिशेबानं चारशे रुपये गेले. आणि ती तर 15 तारखेला कामावर हजर होती! म्हणून या अर्जातल्या चुका आपण एकेक करून पाहू. शेवटी हाच अर्ज नीट मराठीत लिहू.

आधी ‘रजा’ हाच शब्द घेऊ. आपण बोलताना रजा आणि सुट्टी यांत फार फरक करत नाही. ‘सुट्टी टाकली’ म्हणतो, ‘रजा टाकली’ही म्हणतो. कागदावर मात्र फरक आहे. सुट्टी सगळ्यांना मिळते. रविवारची, दिवाळीची, पोळ्याची, ती मागावी लागत नाही. रजा आपली एकटीची असते. ती मागावी लागते आणि कोणीतरी ती मंजूर करावी लागते. म्हणून अर्ज रजेचा असतो. रजा काढतात, घेतात, टाकतात, रजेवर जातात, रजा मंजूर होते किंवा नामंजूर होते. हे सगळे शब्द आपलेच आहेत. ‘रजा अनुदान करा’ हे मात्र आपलं नाही. इंग्रजीत एकच शब्द पैशाच्या अनुदानालाही चालतो आणि मंजुरीलाही चालतो. शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात आणि घाईत भलताच उचलला जातो. शाळेला अनुदान मिळतं. रजा मंजूर होते.

आपल्या वर्धेत आणखी एक गोष्ट घडते. 1956 पर्यंत आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि तिथे हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. आजही बँक, रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या कार्यालयांतले हिंदी फॉर्म आपल्या हाती येतात. त्यांत ‘आकस्मिक अवकाश’, ‘अर्जित अवकाश’ असं छापलेलं असतं. हिंदीत ते बरोबरच आहे. पण मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा, नाही तर उशीर. “पाऊस यायला अजून अवकाश आहे,” असं आपण म्हणतो. म्हणून ‘मला दोन दिवसांचा अवकाश द्यावा’ असं लिहिलं, तर मराठी वाचणाऱ्याला वाटेल की बाई कशाची तरी मुदत वाढवून मागते आहे. इंग्रजीतून आलेला शब्द असा हिंदीच्या दारानंही येतो. तो ओळखायला हवा.

आता रजेचं नाव. अर्जातली सगळ्यात महाग चूक इथेच होते. आपण सगळ्या ज्याला ‘सीएल’ म्हणतो, त्या रजेला मराठीत नैमित्तिक रजा म्हणतात. निमित्तानं घ्यायची, म्हणून नैमित्तिक. शाळांमधून ‘किरकोळ रजा’ हा जुना शब्दही चालतो आणि सगळ्यांना कळतो. पण त्या इंग्रजी शब्दाचा कोशातला पहिला अर्थ घेतला, की ‘अनौपचारिक रजा’ असं काहीतरी होतं. असं कोणतंही खातं कोणत्याही रजिस्टरमध्ये नसतं.

राज्य सरकारच्या नोकरीत रजेची नावं महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये ठरलेली आहेत. वर्षभराच्या नोकरीवर जमा होत जाते, ती अर्जित रजा. तिला ‘कमावलेली रजा’ म्हणू नये. अर्थ तोच असला, तरी खात्याचं नाव ते नाही. खात्यात शिल्लक नसताना पुढच्या भरवशावर मिळते, ती अनर्जित रजा. अर्ध्या पगाराची ती अर्धवेतनी रजा. आणि मुलांच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी आईला मिळते, ती बालसंगोपन रजा. राज्यात ती 2018 पासून आहे. तिला ‘मूल काळजी रजा’ असं लिहिलं, तर वाचणारा अडखळेल. बाळंतपणाच्या रजेचं कागदावरचं नाव प्रसूती रजा. ‘मातृत्व रजा’ लिहिलं, तर अर्थ कळतो, पण सरकारी नियमात शब्द ‘प्रसूती रजा’ असा आहे, तोच घ्यावा.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘मेडिकल’चा होतो. आजारी पडलो, की आपण म्हणतो, मेडिकल टाकली. मग अर्जात ‘वैद्यकीय रजा’ लिहितो. बोलायला ते ठीक आहे. पण या रजा नियमांप्रमाणे वैद्यकीय रजेचं वेगळं खातं नसतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून पूर्ण पगारावर जी रजा मिळते, तिला परिवर्तित रजा म्हणतात, आणि ती अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुपटीनं वजा होते. म्हणजे टायफॉइड झाला म्हणून पाच दिवस परिवर्तित रजा घेतली, तर अर्धवेतनी रजेचे दहा दिवस कमी होतात. एखादीच्या खात्यात अर्जित रजा भरपूर असेल आणि तिला अर्धवेतनी रजा पुढच्या मोठ्या दुखण्यासाठी राखायची असेल, तर तिनं आजारपणातही अर्जित रजाच मागावी. पण हे ठरवायचं, तर नाव नेमकं लिहायला हवं. नुसतं ‘वैद्यकीय रजा’ लिहिलं, की कोणत्या खात्यातून कापायची हे आपल्याऐवजी दुसरंच कोणी ठरवतं.

ही सगळी नावं सरकारी नोकरीतली झाली. खासगी संस्थेत, दुकानात, कारखान्यात प्रकार कमी असतात आणि नावंही वेगळी असतात. तिथे एकच नियम पाळावा: आपल्या नेमणुकीच्या पत्रात किंवा तिथल्या रजिस्टरात रजेचं जे नाव आहे, तेच लिहावं. तिथे ‘सीएल’ असेल, तर देवनागरीत ‘सीएल’ लिहिलं तरी काही बिघडत नाही. स्वतः नवा मराठी शब्द घडवायला जाऊ नये.

नावानंतर तारखा. ‘12 पासून 15 पर्यंत’ यात 15 तारीख धरायची की नाही, हे मराठीत कळत नाही. “मी 15 पर्यंत येते,” असं आपण म्हणतो, तेव्हा 15 ला आपण आलेल्या असतो. “15 पर्यंत दुकान बंद आहे,” म्हणतो, तेव्हा 15 ला दुकान बंदच असतं. इंग्रजी नमुन्यात हीच संदिग्धता असते आणि आपण ती जशीच्या तशी उचलतो. यावर उपाय अगदी सोपा आहे. तीन गोष्टी एकत्र लिहायच्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती दिवस, आणि परत कामावर कधी. “दि. 12 ते 14, दोन्ही तारखा धरून तीन दिवस; 15 ला कामावर हजर होईन.” या तिन्ही एकमेकींशी जुळल्या, की चूक व्हायला जागाच उरत नाही. बोटं मोजून पाहा: बारा, तेरा, चौदा. तीन भरले. वारही लिहिला, तर फारच चांगलं, कारण तारीख लिहिताना हात चुकतो, पण बुधवारचा गुरुवार सहसा होत नाही.

अर्ध्या दिवसाचंही तसंच. ‘अर्धा दिवस रजा’ एवढं लिहून भागत नाही. सकाळचा अर्धा की दुपारचा, हे लिहावं: “दुपारच्या सुट्टीनंतर अर्ध्या दिवसाची रजा.” आणि रजेला रविवार लागून येत असेल, तर “रविवार, दि. 16 ची सुट्टी जोडून घेण्याची परवानगी असावी,” असं सरळ म्हणावं. सरकारी मराठीत ‘सुट्टी जोडणे’ हाच शब्द चालतो. त्यासाठी इंग्रजीतल्या ‘पुढे-मागे लावण्या’चं भाषांतर करत बसायला नको. परत येण्यालाही आपल्याकडे चांगले शब्द आहेत. रजेवरून परतणारी बाई कामावर हजर होते किंवा रुजू होते. सामील होतो आपण भजनात, नाही तर मोर्चात.

आता कारण. इथे शब्दांपेक्षा वाक्याची घडण बिघडते. इंग्रजीत वाक्य बहुतेक ‘मी’पासून सुरू होतं: मी तापाने ग्रस्त आहे, मी असमर्थ आहे, मी चांगले वाटून घेत नाही. मराठीत दुखणं आपल्याकडे येतं. मला ताप आला आहे. माझी प्रकृती बरी नाही. कंबर दुखते. एवढं लिहिलं, की पुरे. वडील ऑपरेशनमधून ‘जात’ नाहीत. त्यांचं ऑपरेशन असतं किंवा ठरलेलं असतं. ‘असल्याच्या कारणामुळे’ यात कारण दोनदा आलं. ‘असल्याने’ म्हटलं, की झालं. आणि ‘असमर्थ आहे’ याऐवजी ‘येऊ शकणार नाही’. तेही लिहायची गरज नसते, कारण रजा मागितली म्हणजे येणार नाही, हे आलंच.

दुःखाच्या प्रसंगी तर भाषांतर टोचतं. ‘मी माझ्या सासूबाईंना गमावले’ असं हल्ली लिहितात. आपल्याकडे पाकीट गमावतात, संधी गमावतात, माणूस जातं. अर्जात लिहावं, “माझ्या सासूबाईंचे काल निधन झाले.” पुढे दिवसांचा हिशेब असेल, तर “तेरवीपर्यंत, म्हणजे दि. अमुकपर्यंत” असं तारखेसह लिहावं, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तेरवी कोणत्या दिवशी येते, हे मोजता यावं अशी अपेक्षा ठेवू नये.

आणि एक गोष्ट आपल्या बायकांची. कधी कारण सांगायचं नसतं. पाळीचा त्रास असतो, गर्भपात झालेला असतो, घरात काही घडलेलं असतं. इंग्रजी नमुन्यातलं वाक्य मग ‘काही अटळ परिस्थितींमुळे’ असं उतरतं, आणि ते इतकं मोघम आणि जड असतं की उलट संशय वाढतो. मराठीत यासाठी जुने, सभ्य शब्द तयार आहेत. शरीराचं असेल, तर “प्रकृतीच्या कारणास्तव”. घरचं असेल, तर “घरगुती अडचणीमुळे”. यातून खोटं बोललं जात नाही आणि सगळं उघडही होत नाही. एक-दोन दिवसांच्या रजेला एवढं कारण सहसा चालतं. मात्र सर्टिफिकेटवर लांबची रजा मागायची असेल, तर आजाराबद्दल डॉक्टरांच्या कागदावर जे असेल ते असेलच. अर्जात आपण पुन्हा सगळं लिहायची गरज नाही. “सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे,” एवढं पुरतं.

राहिली विनंतीची भाषा. इंग्रजीत नम्रता वेगळ्या शब्दांनी वाढवावी लागते, म्हणून तिथे ‘कृपया’, ‘योग्य आदरासह’, ‘उपकृत’ यांची रांग लागते. मराठीत नम्रता क्रियापदातच असते. ‘रजा मंजूर करा’ हा आदेश झाला. ‘रजा मंजूर करावी, ही विनंती’ यात सगळी नम्रता आली. त्यावर पुन्हा ‘कृपया’ची गरज नाही. तसंच ‘आपणास कळविण्यात येते की’ असं लिहू नये. ही वरून खाली येणाऱ्या पत्राची, नोटिशीची भाषा आहे. मुख्याध्यापकांना ‘कळविण्यात येते’ म्हटलं, तर आपणच त्यांच्या साहेब झालो! आणि रजा हा उपकार नाही, म्हणून ‘दयाळूपणा’ नको. ‘कामाची काळजी घेणे’ही नको. काळजी लेकराची घेतात, आजाऱ्याची घेतात. काम पाहतात किंवा सांभाळतात.

मग इंग्रजीवरून आलेलं सगळंच टाकायचं का? तसं नाही. पत्राच्या शेवटी आपण ‘आपली विश्वासू’ लिहितो, तो इंग्रजी पद्धतीचाच तर्जुमा आहे. पण शाळेपासून तो लिहून लिहून मुरला आहे, कोणालाही खटकत नाही. ‘विषय’ अशी वेगळी ओळ लिहिण्याची पद्धतही कचेरीतून आली आणि ती फार सोयीची आहे. अर्जित, परिवर्तित, नैमित्तिक हे शब्दसुद्धा इंग्रजी नावांसाठी योजलेलेच आहेत. राज्याचं भाषा संचालनालय 1960 साली याच कामासाठी सुरू झालं. म्हणजे भाषांतर झालं म्हणून शब्द वाईट ठरत नाही. तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे का, आणि नियमात तोच आहे का, हे पाहायचं. ‘अर्जित’ या दोन्हींत बसतो. ‘अनौपचारिक रजा’ एकातही बसत नाही.

आता सुरुवातीचा अर्ज नीट लिहू. ही ताई एका पतसंस्थेत काम करते, असं धरू. उजव्या हाताला वर तारीख: 10 नोव्हेंबर. मग ‘प्रति, मा. सचिव’, त्याखाली संस्थेचं नाव आणि गाव. त्याखाली “विषय: तीन दिवसांची नैमित्तिक रजा मिळण्याबाबत.” मग ‘महोदय’, सचिव बाई असतील, तर ‘महोदया’. आणि पुढे मजकूर:

“माझ्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बुधवार, दि. 12 नोव्हेंबरला सेवाग्रामला ठरले आहे. त्यांच्यासोबत थांबायला घरात दुसरे कोणी नाही. तरी मला बुधवार, दि. 12 ते शुक्रवार, दि. 14 नोव्हेंबर, दोन्ही तारखा धरून तीन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर करावी, ही विनंती. मी शनिवार, दि. 15 नोव्हेंबरला कामावर हजर होईन. माझ्या रजेच्या काळात भरण्याच्या खिडकीचे काम माझ्या सहकारी पाहतील. त्यांच्याशी तसे बोलणे झाले आहे. आपली विश्वासू,” आणि सही, नाव, हुद्दा.

सहकारी बाईंचं नाव तेवढं घालायचं. आधीचा अर्ज आणि हा अर्ज लांबीला जवळपास सारखेच आहेत. पण यात रजेचं नाव खात्याशी जुळतं, तारखा दिवसांशी जुळतात आणि परत येण्याचा वार ठरलेला आहे. बाबूला काही विचारायची गरज पडत नाही आणि सचिवांना सही करायला अडचण नाही.

अर्ज लिहून झाला, की द्यायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून हेच वाक्य तोंडानं म्हणता येईल का, ते बघा. ‘मी सामील होईन’ म्हणताना जीभ अडखळते, ‘हजर होईन’ सहज निघतं. जिथे जीभ अडखळेल, तिथे बहुतेक भाषांतर लपलेलं असतं. तेवढं वाक्य बदला. मग एक झेरॉक्स काढा, तिच्यावर अर्ज मिळाल्याची तारीख आणि सही घ्या आणि ती आपल्याजवळ ठेवा. पगाराच्या दिवशी हिशेब जुळला नाही, तर तोच कागद कामी येतो.